ड्राफ्ट्स : सक्तीची मार आणि उड्यांची साखळी

बुद्धिबळाच्या पटावर प्रतिस्पर्ध्याचे मोहरे आपल्या माऱ्यात आले, तरी ते मारायचे की नाही हे खेळणाऱ्याच्या मर्जीवर असते. मोहरे फुकट मिळत आहे असे दिसताच सावध खेळाडू क्षणभर थांबतो, त्यामागे काही डाव आहे का हे पाहतो आणि संशय आला तर ते मोहरे तसेच सोडून देतो. त्याच चौसष्ट घरांच्या पटावर खेळल्या जाणाऱ्या ड्राफ्ट्स या खेळात, ज्याला अमेरिकेत चेकर्स म्हणतात, ही मुभा नाही. समोरची सोंगटी मारता येत असेल तर ती मारलीच पाहिजे. आमिष आहे हे स्पष्ट दिसत असतानाही खेळाडूला आपल्या हाताने ते गिळावे लागते.

वरवर पाहता हा एक लहानसा नियम आहे. परंतु या खेळाचे सारे डावपेच त्याच्यावर उभे आहेत. आपली सोंगटी देऊन टाकणे म्हणजे येथे नुसते नुकसान नसते. ती देऊन प्रतिस्पर्ध्याची सोंगटी आपल्याला हव्या त्या घरात आणता येते, किंवा नको त्या घरातून हलवता येते. म्हणजेच एका खेळीपुरता प्रतिस्पर्ध्याचा हात आपण हलवत असतो. हे कसे साधते आणि कोठे फसते, याचा अभ्यास या पाठात दोन मांडण्यांच्या आधारे केला आहे. पाठ वाचताना समोर बुद्धिबळाचा पट आणि दोन रंगांच्या सोंगट्या ठेवाव्यात. सोंगट्या नसल्यास गुंड्या किंवा दोन प्रकारच्या डाळींचे दाणेही चालतील.

पट आणि घरांचे क्रमांक

ड्राफ्ट्सचे अनेक प्रकार आहेत. येथे इंग्लंड व अमेरिका या देशांत रूढ असलेला प्रकार घेतला आहे. यात खेळ फक्त काळ्या घरांवर चालतो. अशी घरे बत्तीस असतात आणि त्यांना १ ते ३२ असे क्रमांक दिलेले असतात. पट असा ठेवावा की आपल्या डाव्या हाताच्या कोपऱ्यात काळे घर येईल. मग क्रमांक पुढीलप्रमाणे येतात. आडव्या रेघेच्या जागी पांढरे घर समजावे.

— १ — २ — ३ — ४
५ — ६ — ७ — ८ —
— ९ — १० — ११ — १२
१३ — १४ — १५ — १६ —
— १७ — १८ — १९ — २०
२१ — २२ — २३ — २४ —
— २५ — २६ — २७ — २८
२९ — ३० — ३१ — ३२ —

खेळाच्या आरंभी काळ्याच्या बारा सोंगट्या १ ते १२ या घरांत आणि पांढऱ्याच्या बारा सोंगट्या २१ ते ३२ या घरांत असतात. पहिली खेळी काळ्याची. काळ्याच्या सोंगट्या वरून खाली, म्हणजे वाढत्या क्रमांकांकडे जातात. पांढऱ्याच्या खालून वर. ‘१६–१९’ असे लिहिले म्हणजे १६ व्या घरातली सोंगटी १९ मध्ये सरकली, आणि ‘२३×१६’ असे लिहिले म्हणजे २३ मधल्या सोंगटीने मधली सोंगटी मारून १६ मध्ये उडी घेतली, असे समजावे. क्रमांकांची ही भाषा पहिल्या दिवशी अवघड वाटते. पण एकदा पटावर कागदाचे लहान तुकडे चिकटवून घेतले की डोळ्यांना लवकरच तिची सवय होते.

नियमाचे नेमके रूप

साधी सोंगटी एक घर तिरकस पुढे सरकते. पुढच्या तिरकस घरात शत्रूची सोंगटी असेल आणि त्याच रेषेतले पलीकडचे घर रिकामे असेल, तर तिच्यावरून उडी घेऊन ती मारायची असते. ‘पलीकडचे घर रिकामे’ ही अट नीट लक्षात ठेवावी, कारण पुढची सारी कारस्थाने तिच्यावरच चालतात. पलीकडे कोणाचीही सोंगटी असो, स्वतःची वा शत्रूची, उडी बंद होते. पटाच्या काठावर उभी असलेली सोंगटीही मारता येत नाही, कारण तिच्यापलीकडे घरच नसते.

उडी घेतल्यावर त्याच सोंगटीला नव्या घरातून पुन्हा मारता येत असेल, तर तिने थांबायचे नाही; मार संपेपर्यंत उड्या घेत राहायचे. हीच उड्यांची साखळी. तिची दिशा प्रत्येक उडीला बदलू शकते, परंतु साधी सोंगटी पुढेच मारते, मागे नाही. शेवटच्या ओळीत पोहोचलेली सोंगटी राजा होते. मग ती मागेपुढे दोन्हीकडे चालते व मारते, पण एका वेळी एकच घर. मारता मारता एखादी सोंगटी शेवटच्या ओळीत पोहोचून राजा झाली, तर तिची खेळी तेथेच संपते. नव्या राजाला त्याच खेळीत परत फिरून मारता येत नाही.

एकाच वेळी दोन-तीन प्रकारे मारता येत असेल, तर त्यांपैकी कोणतीही मार निवडावी. जास्त सोंगट्या मिळवून देणारी मारच घेतली पाहिजे असे बंधन या प्रकारात नाही. मात्र जी मार निवडली ती शेवटपर्यंत पुरी करावी लागते. सक्ती आहे ती मारण्याची. कोणी आणि कशी मारायची याची निवड ज्याची खेळी त्याची. आमिष टाकणाऱ्याचे बहुतेक हिशेब चुकतात ते या निवडीपाशीच.

पूर्वी या सक्तीचे रूप निराळे होते. मारण्याजोगी सोंगटी कोणी मारली नाही, तर प्रतिस्पर्धी त्याची ती चुकार सोंगटीच पटावरून उचलून घेत असे. इंग्रजीत याला ‘हफ’ म्हणत. वाटल्यास तो न उचलता मारण्यास भागही पाडू शकत असे. आता मान्य नियमांतून हफ गेला आहे. मार चुकली तर खेळी मागे घेऊन मारावेच लागते. घरगुती खेळात मात्र हफ अजून कोठे कोठे टिकून आहे. त्यामुळे अनोळखी माणसाबरोबर बसताना हे आधीच ठरवून घेतलेले बरे, नाहीतर रंगलेला डाव वादात संपतो.

एक देऊन दोन घेणे

आता पटावरच्या सर्व सोंगट्या उचलून फक्त सहाच ठेवाव्यात. काळ्याच्या १२, १५ आणि १६ या घरांत. पांढऱ्याच्या २३, २४ आणि ३० या घरांत. खेळी काळ्याची आहे. दोघांकडे तीन-तीन सोंगट्या आहेत आणि सध्या कोणालाही कोणाची सोंगटी मारता येत नाही.

काळा १६–१९ अशी सोंगटी सरकवतो. ही सोंगटी आता पांढऱ्याच्या २३ आणि २४ या दोन्ही सोंगट्यांच्या तोंडाशी उभी आहे. पांढऱ्याला मारणे भाग आहे. प्रश्न एवढाच की कोणत्या सोंगटीने. २४ मधली सोंगटी १९ वरून उडी घेईल तर तिला १५ मध्ये उतरावे लागेल, आणि तेथे काळ्याची सोंगटी बसलेली आहे. म्हणून ती वाट बंद. २३ मधली सोंगटी १९ वरून १६ मध्ये उतरू शकते, कारण ते घर आत्ताच मोकळे झाले. उरली ती एकच मार : २३×१६.

पांढऱ्याची सोंगटी १६ मध्ये आली, ती १२ मधल्या काळ्या सोंगटीच्या पुढ्यात. काळा १२ वरून १६ ला मारून १९ मध्ये उतरतो. तेथून पुढे २४ मध्ये पांढरी सोंगटी आहे आणि तिच्यापलीकडचे २८ चे घर रिकामे आहे. म्हणून तीच सोंगटी न थांबता २८ मध्ये जाते. एक सोंगटी गेली, दोन मिळाल्या. पटावर काळ्याच्या १५ आणि २८ मध्ये दोन सोंगट्या राहिल्या, पांढऱ्याची ३० मध्ये एक. शिवाय २८ मधली काळी सोंगटी पुढच्याच खेळीला ३२ मध्ये जाऊन राजा होऊ शकते.

या छोट्या मांडणीत तीन सोंगट्यांनी तीन निरनिराळी कामे केली. १६ मधली आमिष झाली. १२ मधली मारणारी ठरली. आणि १५ मधली? ती जागची हललीही नाही, पण तिने पांढऱ्याच्या दोन वाटांपैकी एक बंद केली. नवखा खेळाडू आमिष आणि मारणारी सोंगटी चटकन पाहतो. भिंतीसारखी उभी असलेली ही तिसरी सोंगटी त्याच्या नजरेतून निसटते. ती काढून टाकली तर काय होते, हे पटावर पाहण्यासारखे आहे. १५ चे घर रिकामे ठेवून काळ्याने तीच १६–१९ ही खेळी केली, तर पांढरा २३×१६ ऐवजी २४×१५ अशी मार निवडील. मग १६ मध्ये मारण्याजोगे काहीच येत नाही, १२ मधली काळी सोंगटी नुसती पाहत राहते, आणि काळ्याने एक सोंगटी फुकट घालवलेली असते.

दुसरा बदल याहून बोधक आहे. १५ मधली भिंत जागेवर ठेवावी, पण मारणारी सोंगटी १२ ऐवजी ११ मध्ये ठेवावी. कागदावर हिशेब तोच दिसतो. पांढरी सोंगटी १६ मध्ये उतरेल, ११ मधली काळी सोंगटी तिच्यावरून २० मध्ये जाईल आणि तेथून २४ वरून २७ मध्ये. म्हणजे येथेही दोनच मिळणार. पण पांढरी सोंगटी १६ मध्ये उतरते तेव्हा तिची खेळी संपलेली नसते. तिच्या तिरकस पुढे ११ मध्ये काळी सोंगटी आहे आणि त्यापलीकडचे ७ चे घर रिकामे आहे. ती सोंगटी थांबत नाही. ११ वरचीही मारून ७ मध्ये जाते. जी मारणार होती तीच मारली गेली. १२ चे घर पटाच्या काठावर असल्यामुळे मूळ मांडणीत हा धोका नव्हता. यास्तव आमिष टाकण्यापूर्वी शत्रूची सोंगटी कोठे उतरेल एवढेच पाहून भागत नाही; उतरल्यावर तिला आणखी उडी आहे का, हेही पाहावे लागते.

पाठगत प्रश्न

१. मूळ मांडणीत पांढऱ्याची आणखी एक सोंगटी २८ मध्ये असती, तर १६–१९ या खेळीतून काळ्याला किती सोंगट्या मिळाल्या असत्या?
२. मारणारी सोंगटी ११ मध्ये असताना आणखी एक काळी सोंगटी कोणत्या घरात ठेवली तर ती सुरक्षित राहील?

खऱ्या डावातील उदाहरण : गूज वॉक

सहा सोंगट्यांच्या मांडणीत सारे काही उघडे असते. बावीस सोंगट्या पटावर असताना हीच युक्ती कशी दडून बसते, हे पाहण्यासाठी ड्राफ्ट्सच्या पुस्तकांत ‘गूज वॉक’ या नावाने ओळखला जाणारा जुना सापळा पाहू. तो डावाच्या अगदी आरंभी येतो. बारा-बारा सोंगट्या मांडून पुढील खेळ्या पटावर कराव्यात.

काळा ११–१५, पांढरा २२–१८. येथे काळ्याला मारावेच लागते : १५×२२. पांढरा उलट मारतो : २५×१८. मग काळा ८–११, पांढरा २९–२५. काळा ४–८, पांढरा २५–२२. काळा १२–१६, पांढरा २४–२०. काळा १०–१५, पांढरा २७–२४.

आता पट पुढीलप्रमाणे दिसला पाहिजे. काळ्याच्या अकरा सोंगट्या १, २, ३, ५, ६, ७, ८, ९, ११, १५ आणि १६ या घरांत. पांढऱ्याच्या अकरा सोंगट्या १८, २०, २१, २२, २३, २४, २६, २८, ३०, ३१ आणि ३२ या घरांत. तसा दिसत नसेल तर एखादी खेळी चुकली आहे. पुढे जाण्यापूर्वी ती दुरुस्त करावी.

पांढऱ्याची शेवटची खेळी २७–२४ अगदी स्वाभाविक वाटते. मागची सोंगटी पुढे आणून त्याने आपली फळी भरून काढली. पण चूक हीच आहे, आणि ती का चूक आहे हे पाहण्यासाठी काळ्याच्या ११ मधल्या सोंगटीवर बोट ठेवावे. तिच्यापासून खाली डावीकडे जाणारी तिरकस रेषा ११, १५, १८, २२, २५ अशी आहे. तिच्यातले २५ चे घर रिकामे आहे आणि २२ मध्ये पांढरी सोंगटी आहे. जर १५ मध्येही पांढरी सोंगटी असती आणि १८ चे घर रिकामे असते, तर ११ मधली काळी सोंगटी दोन उड्यांत थेट २५ ला पोहोचली असती. आज परिस्थिती नेमकी उलट आहे. १५ मध्ये काळ्याचीच सोंगटी आहे आणि १८ मध्ये पांढरी. म्हणजे काळ्याला दोन गोष्टी घडवून आणायच्या आहेत : एक पांढरी सोंगटी १५ मध्ये आणायची आणि एक १८ मधून काढायची. दोन्ही कामे पांढऱ्याकडूनच करून घ्यायची आहेत.

काळा १६–१९ ने सुरुवात करतो. पांढऱ्याच्या २३ आणि २४ या दोन्ही सोंगट्या १९ ला लागून आहेत; पण २४ ला १५ मध्ये उतरता येत नाही, कारण तेथे काळी सोंगटी आहे. पहिल्या मांडणीतली भिंत येथे पुन्हा भेटते. पांढऱ्याला २३×१६ हीच एक मार आहे. १६ मध्ये आल्यावर तिला पुढे उडी नाही, कारण ११ च्या पलीकडचे ७ चे घर काळ्याने भरलेले आहे.

मग काळा १५–१९ खेळतो. भिंतीचे काम झाले. आता तीच सोंगटी आमिष बनते, आणि ती हलल्यामुळे १५ चे घरही मोकळे होते. पांढऱ्याला पुन्हा एकच मार आहे : २४×१५. पहिली अट पुरी झाली. पांढरी सोंगटी ११ च्या समोर येऊन उभी राहिली. तिलाही पुढे उडी नाही, कारण ११ च्या पलीकडचे ८ चे घर भरलेले आहे. २४ मध्ये सोंगटीच नसती, तर काळ्याच्या या खेळीला मारणारे कोणी उरले नसते आणि सारी योजना येथेच कोलमडली असती. २७–२४ ही खेळी चुकली ती या कारणाने.

तिसरे आमिष ९–१४ हे आहे. १८ मधल्या सोंगटीला आता मारणे भाग आहे : १८×९. दुसरी अटही पुरी झाली. १८ चे घर रिकामे झाले. ९ मध्ये आलेल्या पांढऱ्या सोंगटीला पुढे उडी नाही, कारण ६ च्या पलीकडचे २ चे घर काळ्याकडे आहे. आणि ५ व ६ ही दोन्ही घरे काळ्याची असल्यामुळे ती हलूही शकत नाही.

काळ्याने लागोपाठ तीन सोंगट्या दिल्या आहेत. या क्षणी जो कोणी पटाकडे पाहील त्याला काळा हरत आहे असेच वाटेल. अकरा विरुद्ध आठ. आता काळा ११ मधली सोंगटी उचलतो, १५ वरून १८ मध्ये उतरतो आणि २२ वरून २५ मध्ये. ३० मधल्या पांढऱ्या सोंगटीने २५ ला मारावे, तर तिला २१ मध्ये उतरावे लागेल, आणि तेथे पांढऱ्याचीच सोंगटी उभी आहे. खेळात यासारखी विचित्र स्थिती क्वचितच येते : शत्रू घरात शिरला आहे आणि आपल्याच माणसामुळे त्याच्यावर हात टाकता येत नाही.

या क्षणी काळ्याला ९ मधली सोंगटीही मारता येत होती, ५×१४ किंवा ६×१३ अशी. ती आधी मारण्याचा मोह टाळायला हवा. ९ मधली सोंगटी पळून जाणार नाही; परंतु ११ पासूनची साखळी एका खेळीत बिघडू शकते. काळ्याने ५×१४ केले असते, तर पांढऱ्याने ३०–२५ अशी सोंगटी सरकवून साखळीचे शेवटचे घर बंद केले असते. म्हणून जी संधी निसटणारी आहे ती आधी घेतली. पुढे पांढरा ३२–२७ खेळतो आणि काळा ५×१४ मारतो. दोघांकडे आठ-आठ सोंगट्या राहतात.

तर मग काळ्याला मिळाले काय? मोजणीत बरोबरी, पण २५ मधली काळी सोंगटी राजा होण्यापासून एका पावलावर आहे आणि पांढऱ्याची फळी मध्यातून फाटली आहे. या डावाच्या पारंपरिक विश्लेषणात पुढचा खेळ काळाच जिंकतो. तथापि हा विजय आपोआप हाती पडत नाही. त्यासाठी आणखी वीस-पंचवीस खेळ्या काळजीपूर्वक कराव्या लागतात. सर्वच साखळ्या प्रतिस्पर्ध्याला झोपवत नाहीत, काही केवळ त्याला अडचणीत टाकतात.

क्रम बदलला तर

वरील तीन आमिषांपैकी १६–१९ हे पहिले आमिष अनावश्यक वाटू शकते. चौकस विद्यार्थी विचारील की, काळ्याला पांढरी सोंगटी १५ मध्येच आणायची होती, तर त्याने एकदम १५–१९ का खेळू नये? २३ ला मारता येणार नाही, कारण १६ मध्ये काळी सोंगटी आहे. २४×१५ ही एकच मार उरते. मग ९–१४, १८×९, आणि ११ मधली सोंगटी त्याच मार्गाने २५ ला. एक सोंगटी वाचली!

हे पटावर करून पाहावे. ११ मधली सोंगटी निघून गेली की ते घर रिकामे होते. १६ मध्ये काळी सोंगटी अजून उभी आहे आणि तिच्यामागे २० मध्ये पांढरी. इतका वेळ ११ भरलेले होते म्हणून ती सुरक्षित होती. आता पांढरा २० वरून १६ ला मारून ११ मध्ये उतरतो, तेथून ८ वरून उडी घेऊन ४ मध्ये जातो आणि राजा होतो. वाचवलेली सोंगटी तर गेलीच, तिच्यासोबत आणखी एक गेली आणि घरात शत्रूचा राजा आला.

म्हणून काळ्याने १६ मधली सोंगटी आधीच देऊन टाकली. ती जाणारच होती; पण ती आपल्या सोयीच्या वेळी गेली आणि जाताना तिने पांढऱ्याची एक सोंगटी १६ मध्ये ओढून आणली, जी नंतर निरुपद्रवी ठरली. मारणारी सोंगटी जेव्हा तीन-चार ओळी ओलांडून जाते, तेव्हा ती जेथून निघाली ते घरही उघडे पडते. उड्या कोठे संपतात याकडे सर्वांचे लक्ष असते. त्या कोठून सुरू होतात आणि तेथे मागे कोणती सोंगटी उघडी राहते, याकडे थोड्यांचे.

अन्य प्रकारांतील फरक

शंभर घरांच्या पटावर वीस-वीस सोंगट्यांनी खेळल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय ड्राफ्ट्समध्ये सक्ती याहून कडक आहे. तेथे ज्या मारीत सर्वाधिक सोंगट्या मिळतात तीच घ्यावी लागते. साधी सोंगटी मागेही मारते आणि राजा एका रेषेत कितीही लांब जातो. आमिष टाकणाऱ्याला हे सोयीचे असते, कारण प्रतिस्पर्ध्याची निवडच संपुष्टात येते. त्याला मोठे आमिष दिले की लहान मार टाळता येते. त्यामुळे तेथील साखळ्या अधिक लांब असतात. परंतु या पाठातील मांडण्या त्या नियमांनी खेळू नयेत. मागे मारण्याची मुभा मिळताच त्यांतील बरेच हिशेब बदलतात.

स्वाध्याय

पटावर पांढऱ्याच्या सोंगट्या २५, २६ आणि २९ मध्ये, तर काळ्याच्या ९, १७ आणि १८ मध्ये मांडा. खेळी पांढऱ्याची आहे. २२ च्या घरात आमिष टाकायचे आहे हे दिसते. परंतु तेथे २५ मधली सोंगटी न्यावी की २६ मधली? दोन्ही खेळ्या पटावर करून पाहा आणि प्रत्येक वेळी काळ्याला कोणत्या मारी उपलब्ध आहेत ते लिहा.

उत्तरे

पाठगत प्रश्न १ : एकच. १२ मधली सोंगटी १६ ला मारून १९ मध्ये उतरते. २८ चे घर भरलेले असल्यामुळे २४ वरून उडी नाही. एक दिली, एक मिळाली.

पाठगत प्रश्न २ : ७ मध्ये. त्यामुळे पांढऱ्या सोंगटीची ११ वरची उडी बंद होते.

स्वाध्याय : २६–२२ खेळल्यास २६ चे घर रिकामे होते आणि १७ मधली काळी सोंगटी २२ ला मारून तेथेच उतरते. १८ मधल्या सोंगटीला मारता येत नाही, कारण २५ भरलेले आहे. पांढऱ्याला परत मारण्यासाठी काहीच मिळत नाही आणि काळी सोंगटी राजा होण्याच्या उंबरठ्यावर येते. २५–२२ खेळल्यास २६ मधली सोंगटी भिंत ठरते, म्हणून १७ ला मारता येत नाही, आणि १८×२५ ही एकच मार उरते. त्यानंतर २९ मधली पांढरी सोंगटी २५ वरून २२ मध्ये, १७ वरून १३ मध्ये आणि ९ वरून ६ मध्ये जाते. पटावर काळ्याची एकही सोंगटी उरत नाही.